मानमोडीची साथ, मुंबई 1918 : दोन लाटांमधले दहा आठवडे

10 जून 1918 रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत ताप येणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती, पण हा ताप हिवतापाचा नव्हता. पाठोपाठ एका जहाज कंपनीतले नोकर आजारी पडले, मग पोर्ट ट्रस्टमधले, मग हाँगकाँग अँड शांघाय बँकेतले, तारखात्यातले, टाकसाळीतले आणि रेचल ससून गिरणीतले. हा क्रम नुसता वाचला तरी साथीची वाट डोळ्यांसमोर उभी राहते. ती आधी गोदीत उतरली, गोदीशी रोजचा व्यवहार असलेल्या कचेऱ्यांत शिरली आणि तिथून गिरण्यांत पोहोचली. जून संपेपर्यंत शहरात ज्या घरी कोणी अंथरुणावर नाही असे घर शोधावे लागत होते.

पुढे महाराष्ट्रात या आजाराला ‘मानमोडी’ म्हणू लागले. अंग मोडून येणे, मान टाकणे आणि दोन-तीन दिवसांत माणूस पार खचणे हे सगळे त्या एका शब्दात आले आहे. जगाने त्याला ‘स्पॅनिश फ्ल्यू’ म्हटले, कारण महायुद्धात तटस्थ राहिलेल्या स्पेनच्या वर्तमानपत्रांवर सेन्सॉरचा दाब नव्हता आणि आजाराच्या बातम्या तिथेच मोकळेपणाने छापून आल्या. आजाराचा उगम स्पेनमध्ये झाल्याचा कोणताही पुरावा नाही.

या प्रकरणातला माझा विषय मर्यादित आहे. मुंबईत पहिली लाट जुलैच्या सुरुवातीला शिगेला पोहोचली आणि दुसरी, खरी जीवघेणी लाट सप्टेंबरच्या मध्याला चढू लागली. मधे साधारण दहा आठवड्यांची सवड मिळाली. त्या दहा आठवड्यांत शहराला काय ठाऊक होते, काय ठाऊक असू शकले असते आणि तेव्हाच्या कोणत्या उणिवा आजही आपल्या व्यवस्थेत शिल्लक आहेत, एवढेच मी तपासणार आहे. 1918 च्या साथीवर लिहिताना मृतांच्या प्रचंड आकड्यापाशी थांबण्याचा मोह होतो. पण आकडा कितीही मोठा असला तरी पुढच्या वेळी काय करावे हे तो सांगत नाही. ते त्या मधल्या काळाकडे पाहिल्यावर कळते.

पहिली लाट आणि एक निरर्थक वाद

त्या वेळी मुंबई महापालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. जे. ए. टर्नर होते. प्लेगच्या वर्षांत मुरलेला हा माणूस. साथ रात्रीच्या चोरासारखी आली असे त्यांनी आपल्या अहवालात लिहिले. मे महिन्याच्या अखेरीस बंदरात लागलेल्या एका सैनिकी जहाजाकडे त्यांचे बोट होते. हिंदुस्थान सरकारचे म्हणणे नेमके उलट होते : जहाजावरच्या लोकांना लागण मुंबईत झाली, त्यांनी ती आणली नाही. युद्धकाळात सैन्याची वाहतूक थांबवणे सरकारला परवडणारे नव्हते, त्यामुळे दोष कोणाच्या पदरी पडतो याला राजकीय महत्त्व आले. रोगाच्या दृष्टीने त्या वादाला फारसा अर्थ नव्हता. सात शिपाई आजारी पडले त्या दिवशी लागण शहरात पोहोचलेली होती आणि लागण झाल्यापासून एक-दोन दिवसांतच ताप भरणाऱ्या आजारात मूळ जहाज शोधून साथ अडत नाही.

ही गोष्ट टर्नर आणि त्यांचे सहकारी ज्या आजारांवर शिकले होते त्यांच्याशी ताडून पाहावी लागते. मुंबईची आरोग्ययंत्रणा 1896 च्या प्लेगने घडवलेली होती. प्लेगमध्ये आजारी माणूस शोधायचा, त्याला वेगळा करायचा, घर धुऊन काढायचे, प्रवाशांची तपासणी करायची ही पद्धत होती. 1897 चा साथरोग कायदा त्याच धास्तीतून झाला आणि त्याच कायद्याच्या आधारे घराघरांत घुसलेल्या सैनिकांमुळे पुण्यात काय घडले ते मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. फ्ल्यूमध्ये यातले काहीच चालत नाही. रुग्णांची संख्या इतक्या झपाट्याने वाढते की वेगळे कोणाला ठेवायचे हा प्रश्नच निकालात निघतो. आजाराची सक्तीने खबर द्यावी अशा रोगांच्या यादीत तेव्हा प्लेग, पटकी, देवी होत्या, इन्फ्लुएंझा नव्हता. म्हणजे शहरात किती लोक आजारी आहेत हे मोजण्याचे अधिकृत साधनच आरोग्याधिकाऱ्याच्या हातात नव्हते. मोजले जात होते ते फक्त मृत्यू.

जुलैच्या सुरुवातीला शहरातल्या रोजच्या मृत्यूंची संख्या 230 च्या घरात गेली, जूनच्या अखेरच्या मानाने जवळजवळ तिप्पट. मग ती जितक्या वेगाने चढली तितक्याच वेगाने उतरली. पहिल्या लाटेच्या खात्यावर सुमारे सोळाशे मृत्यू टाकले गेले. दहा लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या आणि प्लेगने पोळलेल्या शहराला हा आकडा भयंकर वाटला नसणार. आजाऱ्यांपैकी बहुतेक जण आठवड्याभरात कामावर परतले होते. साथ आली, त्रास देऊन गेली, असे म्हणायला जागा होती.

नोंदवहीत काय दिसत होते

इथे जरा थांबून मृत्यूची नोंद कशी होत असे ते पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या मृत्यूनोंदीत कारणांचे मोजके रकाने होते : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण व अतिसार, श्वसनाचे विकार, अपघात व दुखापती, आणि इतर. इन्फ्लुएंझाचा रकाना नव्हता. शहरात डॉक्टरांचा हात लागलेला मृत्यू श्वसनाच्या विकारांत जाण्याची शक्यता होती, बाकीचे तापात. खेड्यात तर पाटील किंवा कुलकर्णी जे सांगेल ते कारण, आणि ते बहुधा ‘ताप’. या रकान्यात हिवताप, विषमज्वर, बाळंतरोग आणि आणखी कितीतरी गोष्टी एकत्र नांदत.

तरीही ही नोंद निरुपयोगी नव्हती. 1919 मध्ये हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी साथीचा पहिला हिशेब मांडला तो याच ओबडधोबड नोंदीवरून. त्यांची रीत सोपी होती. मागच्या काही वर्षांत त्याच महिन्यांत सरासरी किती मृत्यू होत होते ते काढायचे आणि 1918 च्या आकड्यातून ती सरासरी वजा करायची. जे उरेल ते साथीचे. कारणाचा रकाना खोटे बोलत असला तरी एकूण संख्या खोटे बोलत नाही. आज ‘अतिरिक्त मृत्यू’ म्हणून ज्या पद्धतीचा बोलबाला आहे ती हीच. फरक इतकाच की व्हाइट यांनी ती सगळे संपल्यावर वापरली.

ती आधी वापरता आली असती का? एक साधे उदाहरण घेऊ. आकडे माझे, समजावण्यापुरते. समजा एका प्रभागात गेल्या पाच वर्षांत सप्टेंबरच्या एका आठवड्यात ताप आणि श्वसनविकार मिळून सरासरी 40 मृत्यू होतात. एवढ्या लहान संख्येत नुसत्या योगायोगानेही चढउतार होतो आणि त्याचा ढोबळ अंदाज सरासरीच्या वर्गमुळावरून बांधता येतो. 40 चे वर्गमूळ साधारण सहा. त्याची दुप्पट, म्हणजे बाराच्या आसपास, सरासरीत मिळवली की 52 ते 53 ही मर्यादा मिळते. एखाद्या आठवड्यात 49 मृत्यू झाले तर लक्ष ठेवायचे, बाकी काही नाही. 58 झाले तर चौकशीला माणूस पाठवायचा. पुढच्या आठवड्यात 90 झाले तर चौकशीची गरज उरलेली नाही, आता खाटा आणि माणसे लागणार आहेत. कोष्टक, पेन्सिल आणि आदल्या वर्षांच्या नोंदवह्या एवढ्यावर हे काम होते, आणि या तिन्ही गोष्टी 1918 मध्ये कुठल्याही कचेरीत होत्या.

या युक्तीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आठवड्याला एखादा मृत्यू होणाऱ्या खेड्यात ती चालत नाही, कारण एकाचे तीन झाले तरी तो योगायोग असू शकतो. तिथे पंचवीस-तीस गावांची बेरीज करून तालुक्याचा आकडा पाहावा लागतो. दुसरे म्हणजे ज्या सरासरीशी तुलना करायची तिच्यात जुनी प्लेगची वर्षे मिसळली असली तर मर्यादा अवाजवी वर जाते आणि इशारा उशिरा मिळतो. मुंबईच्या बाबतीत ही अडचण खरी होती. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात गैरसोयीची आहे. मृत्यू हा साथीचा उशिरा मिळणारा निरोप असतो. 1918 च्या रोग्यांत ताप येण्यापासून मृत्यूपर्यंत बहुधा आठवडा ते दीड आठवडा जात असे. म्हणून आजच्या आठवड्याचे मृत्यू हे गेल्या पंधरवड्याच्या लागणीचे चित्र असते. पण दुसरे काही मोजलेच जात नव्हते त्या शहरात उशिरा मिळालेला निरोपही मोलाचा ठरला असता.

दुसरी लाट

ऑगस्टच्या उत्तरार्धात फ्रान्समधले ब्रेस्ट, अमेरिकेतले बॉस्टन आणि पश्चिम आफ्रिकेतले फ्रीटाउन या तीन बंदरांत आजार नव्या तीव्रतेने उसळला. तिन्ही बंदरे युद्धाच्या जहाजमार्गांवर होती. मुंबईत सप्टेंबरच्या मध्यापासून मृत्यू वाढू लागले आणि या वेळी वाढ थांबली नाही. नवरात्राच्या सुमारास, 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवशी शहरात 768 मृत्यू नोंदले गेले. जुलैच्या शिखराच्या तिपटीहून ही संख्या जास्त आहे.

मरणारे कोण होते हे त्याहून विचार करायला लावणारे होते. एरवीचा फ्ल्यू म्हातारे आणि तान्ही मुले यांना नेतो. या साथीने वीस ते चाळीस या वयातली कमावती माणसे नेली. हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या, हे जगात इतरत्र सहसा घडले नाही. अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा बाईनेच करायची आणि घरात अन्न कमी असेल तर तिने शेवटी जेवायचे, ही दोन कारणे अभ्यासक देतात आणि मला ती पुरेशी पटतात.

मुंबईत जाती-समाजानुसार मोजलेला मृत्युदर हा या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा आहे. तेव्हाच्या सरकारी वर्गवारीत ज्यांना खालच्या जातीचे हिंदू म्हटले होते त्यांच्यात हजारी 61.6 मृत्यू झाले. इतर हिंदूंमध्ये हे प्रमाण 18.9 होते, मुसलमानांमध्ये 19.2, पारशांमध्ये 9.0 आणि युरोपियनांमध्ये 8.3. एकच विषाणू, एकच शहर, तेच आठवडे, आणि तरी दोन टोकांमध्ये सातपटींहून अधिक अंतर.

हे अंतर का पडले हे समजून घ्यायचे तर माणूस नेमका कशाने मरत होता ते पाहावे लागते. काहींना विषाणूच थेट मारी. त्यांचे ओठ व चेहरा निळसर पडे आणि दोन-तीन दिवसांत सगळे आटोपे. पण जतन करून ठेवलेल्या नमुन्यांचा आणि जुन्या शवविच्छेदनांचा अलीकडे झालेला अभ्यास सांगतो की बहुसंख्य मृत्यू विषाणूने श्वसनमार्गाचे अस्तर सोलल्यानंतर शिरलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले. म्हणजे ताप उतरू लागल्यासारखा वाटतो, मग चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा चढतो, धाप लागते, आणि आठव्या-दहाव्या दिवसापर्यंत निकाल लागतो. पेनिसिलीन तेव्हा नव्हते. अशा रोग्याला वाचवू शकणाऱ्या गोष्टी म्हणजे पडून राहता येणे, वेळेवर पाणी आणि पेज मिळणे, ऊब आणि मोकळी हवा.

आता परळ-लालबागच्या चाळीतली एक खोली डोळ्यांसमोर आणावी. दहा बाय दहाची जागा, तीत चूल, एका दोरीवर ओले कपडे, आणि पाच-सात माणसे. तिघांना एकाच दिवशी ताप भरतो, चौथ्याला दुसऱ्या दिवशी. पाण्याचा नळ खाली, जिन्याच्या तळाशी. हंडा भरून वर आणणारी बाईच तापाने फणफणली की त्या खोलीतले पाणी संपते. शेजारच्या खोलीत तेच, समोरच्या खोलीत तेच. चौथ्या दिवशी एखाद्याला जरा बरे वाटते आणि रोजंदारी बुडते म्हणून तो गिरणीत जातो. न्यूमोनिया याच टप्प्यावर गाठतो. मलबार हिलवरच्या बंगल्यातला रोगी त्याच तापात आठवडाभर पडून राहतो आणि त्याला तासातासाला पाणी देणारे नोकर असतात. दोघांच्या औषधांत म्हणण्यासारखा फरक नव्हता, कारण उपयोगी औषध कोणाकडेच नव्हते. फ्ल्यूचा विषाणू माणसात सापडला 1933 मध्ये. 1918 मध्ये फायफर यांनी शोधलेला एक जिवाणू कारण मानला जात होता, आणि त्यावर बेतलेल्या लशी विषाणूचे काहीच वाकडे करू शकत नव्हत्या.

या खोलीकडे पाहिले की त्या दहा आठवड्यांत काय करता आले असते हा प्रश्न जमिनीवर येतो. विषाणू अडवता आला नसता. पण पाणी पोहोचवणारी, पेज शिजवणारी, रोज दार ठोठावून कोण उठू शकत नाही ते पाहणारी माणसे चाळवार ठरवून ठेवता आली असती. ऑक्टोबरमध्ये नेमके हेच झाले, पण ते साथ ऐन भरात असताना आणि बव्हंशी सरकारबाहेरच्या लोकांकडून. शाळा बंद करून तिथे तात्पुरते दवाखाने आणि रुग्णालये उघडली गेली. सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था, जातिसमाजांची मंडळे, वैद्यकीय विद्यार्थी आणि खासगी डॉक्टर वस्त्यांत फिरू लागले, दूध आणि औषधे वाटू लागले. सुशिक्षित आणि सुखवस्तू हिंदी माणसे इतक्या मोठ्या संख्येने गरिबांच्या मदतीला पूर्वी कधी आली नसतील, अशा अर्थाची कबुली व्हाइट यांच्या अहवालातही आहे. सरकारचे बरेच डॉक्टर युद्धावर गेलेले होते. ही उणीव ऑक्टोबरमध्ये अचानक उद्भवलेली नव्हती. ती जुलैमध्येही सर्वांना ठाऊक होती.

घाटाच्या वर

मुंबईबाहेरची हकीकत मी थोडक्यात सांगतो, जरी बहुसंख्य माणसे तिथेच मेली. साथ रेल्वेने गेली. रेल्वेचे आणि टपालाचे कर्मचारी तिचे वाहक ठरले हे तेव्हाच लक्षात आले होते. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक मृत्यू झाले. मध्य प्रांत आणि वऱ्हाड, ज्यात आजचा विदर्भ येत असे, हाही सर्वाधिक होरपळलेल्या प्रदेशांत होता. पूर्वेकडे जाता जाता साथ मंदावली, बंगालमध्ये तिचा जोर बराच कमी होता.

दख्खनमध्ये तिला आणखी एक साथीदार मिळाला. 1918 चा पाऊस दगा देऊन गेला होता. खरीप हातचे गेले, चारा संपला, युद्धामुळे धान्याचे भाव आधीच चढलेले होते. ऑक्टोबर हा रब्बीच्या पेरणीचा महिना, आणि नेमक्या त्याच महिन्यात औत धरणारी माणसे अंथरुणावर होती. भुकेने रोग मारक केला आणि रोगाने पुढच्या वर्षीची भूक पेरली. साथीच्या तयारीत धान्याच्या गोदामाचा विचार करावा लागतो हे आरोग्यखात्याच्या फायलीत सहसा सापडत नाही, पण 1918 च्या दख्खनचा हिशेब त्याशिवाय लागतच नाही.

नोंदीचे काय झाले? ती याच आठवड्यांत कोलमडली. मृत्यू लिहिणारा पाटील किंवा कुलकर्णी स्वतः आजारी पडला, काही ठिकाणी मेला. जिथे साथ सर्वांत तीव्र, तिथेच नोंद सर्वांत अपुरी. व्हाइट यांचा पहिला अंदाज देशभरात साठ लाखांच्या आसपास होता. 1921 च्या जनगणनेत माणसे प्रत्यक्ष मोजली गेली तेव्हा तो फारच कमी असल्याचे उघड झाले. पुढे अभ्यासकांनी जनगणनेच्या आकड्यांवरून मागे जात एक कोटी सत्तर-ऐंशी लाखांपर्यंतचे अंदाज दिले. अलीकडच्या एका काटेकोर हिशेबात ब्रिटिश प्रांतांसाठी तो 1 कोटी 39 लाखांच्या आसपास येतो. अंदाजांत एवढी तफावत असण्याचे मुख्य कारण त्या कोऱ्या राहिलेल्या रकान्यांत आहे. शिवाय 1919 मध्ये जन्मांची संख्याही घसरली, कारण मुले होण्याच्या वयाची जोडपी मोडली होती आणि गरोदर स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण फार होते. 1911 ते 1921 हे आपल्या जनगणनेच्या इतिहासातले लोकसंख्या घटल्याचे एकमेव दशक आहे.

बेटांचा धडा मुंबईला लागू होतो का

1918 वरून तयारीचे धडे सांगताना सामोआचा दाखला हमखास दिला जातो. नोव्हेंबर 1918 मध्ये ‘तालुने’ नावाचे जहाज न्यूझीलंडच्या ताब्यातल्या पश्चिम सामोआत लागले आणि काही आठवड्यांत तिथली सुमारे एक पंचमांश वस्ती मेली. शेजारच्या अमेरिकन सामोआने जहाजांना विलगवास लावला आणि तिथे या साथीचा एकही मृत्यू झाला नाही. दाखला खरा आहे, पण तो बेटाचा आहे. जहाजे मोजकी, धक्का एक, आणि बाहेरच्या जगावाचून महिनोन्महिने चालू शकणारे गाव. युद्धकाळात सैन्य, धान्य आणि कापूस यांची अखंड ये-जा असलेल्या, रेल्वेने सबंध देशाशी जोडलेल्या मुंबईला तो लागू करणे म्हणजे डोंगरातल्या ओढ्याचा बांध खाडीला घालण्यासारखे आहे.

अमेरिकेतल्या सेंट लुइस शहराचा दाखला जास्त उपयोगी आहे. तिथे ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच, मृत्यू वाढण्याआधी, शाळा, नाट्यगृहे आणि सभा बंद केल्या गेल्या आणि तिथली लाट फिलाडेल्फियाच्या मानाने बरीच ठेंगणी राहिली. फिलाडेल्फियाने 28 सप्टेंबरला युद्धकर्जासाठी मोठी मिरवणूक काढली होती. वेळेवर केलेल्या बंदीने शिखर खाली येते, म्हणजे एकाच दिवशी लागणाऱ्या खाटा कमी होतात. पण त्यातही एक गृहीत आहे : घरी बसलेल्या माणसाच्या घरात अंतर राखण्याइतकी जागा आहे आणि काही दिवस पुरेल इतके धान्य आहे. चाळीतल्या त्या खोलीत दोन्ही नव्हते. शाळा बंद करून मुले त्याच खोलीत आणायची होती.

आजची नोंदवही

काही वर्षांपूर्वी एका तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या मृत्यूनोंदी तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. एका गावच्या नोंदवहीत ओळीने अकरा मृत्यू एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, एकाच दिवशी लिहिलेले होते. मृत्यूच्या तारखा मात्र चार महिन्यांत पसरलेल्या. नोंद खोटी नव्हती. ग्रामसेवकाकडे तीन गावे होती आणि तो वेळ मिळेल तसे लिहीत होता. वर्षाअखेरीच्या आकडेवारीत त्या नोंदीने काहीच बिघडले नाही. इशारा म्हणून मात्र ती पूर्णपणे निकामी होती.

दिरंगाईचा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 नुसार मृत्यूची खबर देण्यास 21 दिवसांची मुदत आहे. वारसाहक्क, विमा, दाखले यांसाठी ही मुदत अगदी रास्त आहे. पण 1918 च्या मुंबईवर ती ठेवून पाहा. सप्टेंबरच्या मध्याला वाढू लागलेले मृत्यू 6 ऑक्टोबरला शिगेला पोहोचले. हे अंतर साधारण तीन आठवड्यांचे आहे. म्हणजे कायद्याने दिलेली मुदत प्रत्येकाने प्रामाणिकपणे पाळली तरी वाढीच्या पहिल्या आठवड्यातले मृत्यू कागदावर पूर्णपणे उतरेपर्यंत शिखर येऊन ठेपले असते. कारणाचा रकानाही अजून सुधारलेला नाही. 2020 च्या आकडेवारीत देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. उरलेल्यांचा रकाना पाटलाच्या ‘ताप’पासून फार लांब आलेला नाही.

याला उत्तर म्हणून 2004 पासून सुरू झालेली एकात्मिक रोग सर्वेक्षणाची व्यवस्था दाखवली जाते, आणि ती खरोखर पुढचे पाऊल आहे. आता ताप-खोकल्याचे रुग्ण आणि श्वसनाच्या तीव्र आजाराने दाखल झालेले रुग्ण मोजले जातात, म्हणजे निरोप मृत्यूच्या आधी मिळू शकतो. 2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्ल्यू आला तेव्हा राष्ट्रीय विषाणू संस्थेची प्रयोगशाळा शहरातच होती, ही 1918 मध्ये कल्पनेतही नसलेली सोय. पण ही मोजणी मुख्यतः सरकारी दवाखान्यांत येणाऱ्यांची होते. खासगी डॉक्टरकडे जाणारा रोगी तीत तुटकपणे दिसतो, आणि डॉक्टरकडे न जाणारा दिसतच नाही. 1918 च्या तक्त्यात हजारी 61.6 हा आकडा ज्यांचा होता, ते बहुतेक या शेवटच्या गटातले होते.

म्हणून मृत्यूची जलद मोजणी टाकून देता येत नाही. तिला मृत्यूच्या दाखल्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. स्मशानभूमीत आणि कब्रस्तानात रोज किती अंत्यविधी झाले हे तिथल्या माणसाला संध्याकाळी ठाऊक असते. नाव नको, कारण नको, फक्त संख्या आणि वय चाळिशीच्या आत की बाहेर एवढे त्याने रोज संध्याकाळी कळवले तर शहराला ताजा आकडा मिळतो. 1918 चा विषाणू पहिल्यांदा ओळखू आला असता तो त्या वयाच्या रकान्यातच. 2020-21 मध्ये देशात अनेक ठिकाणी स्मशानातल्या नोंदी आणि जाहीर झालेले आकडे यांत मोठी तफावत निघाली, आणि पत्रकारांनी खरी संख्या शोधली ती स्मशानाच्या फाटकाशी बसून, चिता मोजून. जे काम त्यांनी संशयापोटी केले ते महापालिकेच्या एका कारकुनाला रोजचे काम म्हणून देता येते. त्यासाठी लागणारी मागच्या पाच वर्षांची सरासरी मात्र साथ नसतानाच्या शांत वर्षांत काढून ठेवावी लागते, कारण साथ आल्यावर ती काढायला बसणारा कारकूनही बहुधा तापाने घरी असतो.